पाहुणे किती, हे ताट सांगतं

गेल्या महिन्यात एका मुलीच्या वडिलांनी फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, तुमचं प्रोफाइल पाठवा, मग बोलू." माझं जुनं प्रोफाइल उघडलं आणि पहिल्याच पानावर थांबले. 'शेकडो यशस्वी कार्यक्रम. १००० हून अधिक पाहुण्यांचे सोहळे. १२० व्हेंडरांचं जाळं.' हे सगळं मीच कधीतरी लिहिलेलं. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं, पण खरं म्हणून दाखवता येईल असंही काही नव्हतं. मग रात्री बिलांची फाइल आणि वह्या काढून बसले.

मागच्या वर्षभरात कार्यक्रम झाले २६. त्यांत ११ लग्नं, ६ साखरपुडे आणि मुंजी, ५ कंपन्यांचे कार्यक्रम, आणि उरलेल्या चारांत एक पुस्तक प्रकाशन, दोन पंच्याहत्तरी आणि एका सोसायटीचा गणपती. 'शेकडो' हा शब्द तिथेच गळाला.

कंपन्यांचा हिशोब सोपा असतो. डीलरांच्या बैठकीला १२० जणांना बोलावलं होतं, दारावर १०८ बॅज दिले गेले, म्हणजे माणसं १०८. तिथे त्रास असतो तो पैसे यायचा. बिल दिल्यावर ४५ दिवस वाट पाहायची आणि तोवर मांडववाल्याचे फोन घ्यायचे. लग्नात मात्र दारावर बॅज नसतो. अक्षता टाकून न जेवता निघणारे असतात, फक्त जेवायला येणारेही असतात. अशा वेळी संख्या कळायची एकच जागा, ती म्हणजे केटररची ताटं.

सिंहगड रस्त्यावरच्या एका लॉनवरचं डिसेंबरमधलं लग्न घेते. दोन्हीकडच्या याद्या मिळून ७०० नावं झाली होती. वधूच्या वडिलांनी केटररला ५०० ताटांची गॅरंटी दिली, दर ६५०. गॅरंटी म्हणजे तेवढ्यांचे पैसे द्यायचेच, कोणी जेवो न जेवो. वर जातील ती ताटं त्याच दराने. म्हणून शहाणा माणूस गॅरंटी कमी देतो आणि मनातल्या मनात जास्तीचे पैसे बाजूला ठेवतो. यांनी पहिलं केलं, दुसरं राहिलं.

जेवण सुरू व्हायच्या आधी माझी मदतनीस आणि केटररचा माणूस, दोघांनी मिळून ताटं मोजली: ५०-५० च्या १४ थप्प्या, एकूण ७००. दुपारी साडेतीनला स्वच्छ ताटं उरली ८८. वजाबाकी केली, ६१२. बिल आलं ६६० चं. मी खवळले. मुलीच्या वडिलांसमोर केटररला म्हणाले, "दादा, ४८ ताटं कुठून आली?" तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्या पोरीची वही बघा." वहीत दीड वाजताची नोंद होती: 'धुऊन परत काउंटरवर ४८.' गर्दीच्या भरात थप्पी संपेल म्हणून त्यांनी वापरलेली ताटं धुऊन पुन्हा लावली होती. ७०० आणि वरची ४८, त्यातून उरलेली ८८ वजा. ६६० च होतात. केटरर बरोबर होता. त्या दिवशी माफी मागताना मला फार बरं वाटलं नाही, पण नोंद ठेवणाऱ्या पोरीला तेव्हाच शाबासकी दिली. नोंद नसती तर तो खरं बोलत असूनही मी भांडले असते, आणि दुसरा एखादा खोटं बोलत असता तरी मला कळलं नसतं.

आता ६६० ताटं म्हणजे ६६० पाहुणे का? नाही. त्यांत ३८ ताटं आपल्याच लोकांची: फोटोवाले, साउंडवाले, मांडवाची पोरं, ड्रायव्हर. त्यांचा दर २५० ठरला होता. राहिली ६२२. बुफेत गोडासाठी नवं ताट घेणारे असतातच. पंगतीत एक पान म्हणजे एक माणूस, बुफेत तसं नाही. म्हणून नव्या प्रोफाइलमध्ये या लग्नापुढे लिहिलं, 'पाहुणे सुमारे ६००'. आधी मी बेधडक ७०० लिहिलं असतं, कारण निमंत्रणं तेवढी गेली होती.

याच लग्नाचं बजेट ठरलं होतं साडेअकरा लाखांचं. जेवणाचा अंदाज गॅरंटीवर धरलेला, ३ लाख २५ हजार. खर्च झाला ४ लाख १३ हजार ८००. म्हणजे ८८,८०० वर गेले, आणि त्यात आपल्याच लोकांच्या जेवणाचे साडेनऊ हजार तर मी अंदाजात धरायलाच विसरले होते. फुलांच्या दोन कमानींऐवजी एकच केली, तिथे १४,८०० वाचले. शेवटी १२ लाख २४ हजार. माझी फी यात नाही. ती एक लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आमच्या धंद्यात '१२ लाखांचा इव्हेंट केला' असं लोक सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, बाई १२ लाख कमावते. मी आता दोन आकडे शेजारीशेजारी लिहिते: ठरलेलं बजेट आणि झालेला खर्च. ७४ हजारांची वाढ लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या यजमानाला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

व्हेंडरांचे १२० नंबर फोनमध्ये आहेत, हेही खरं. पण वर्षात माझ्याबरोबर तीन किंवा जास्त कामं केलेले निघाले फक्त १७. मी तोच आकडा लिहिला. कारण व्हेंडर सांभाळणं म्हणजे नंबर असणं नव्हे. याच लग्नाचा मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा, स्टेज नऊला तयार हवं होतं, आणि सकाळी साडेसहाला फुलवाला फोनवर म्हणाला, "निघालोय, रस्त्यातच आहे." नवख्या माणसाने ते ऐकून फोन ठेवला असता. मी म्हटलं, "गाडीचा फोटो पाठव, मागचा फाळका उघडून." फोटो आला नाही. म्हणजे फुलं अजून मार्केट यार्डातच होती. तेव्हाच मांडववाल्याला सांगून आधी कापडाचं काम उरकायला लावलं. फुलं ५० मिनिटं उशिरा आली तरी स्टेज सव्वानऊला उभं राहिलं. पंधरा मिनिटं गेली ती गेलीच.

उरला अभिप्राय. पाठवणीच्या वेळी डोळे पुसत कोणीही "फार छान केलंत" म्हणतं; तो अभिप्राय मी धरत नाही. शेवटचं बिल चुकतं झाल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी फोन करते आणि दोनच गोष्टी विचारते: दहापैकी किती, आणि काय खटकलं. २६ पैकी १९ जण बोलले, सरासरी ८.४ निघाली. सात जणांनी फोन उचलला नाही किंवा टाळलं; त्यांना मी खूश समजत नाही. सिंहगड रस्त्यावाल्यांनी ७ दिले. आहेराच्या टेबलापाशी तासभर कोणीच नव्हतं, असं आईंनी सांगितलं. ते माझंच काम होतं.

नवं प्रोफाइल दीड पानाचं झालं. तुमच्या घरी कार्य निघालं आणि कोणी चकचकीत प्रोफाइल पाठवलं, तर फोटो नंतर पाहा. आधी त्यांच्या शेवटच्या लग्नाचं केटररचं बिल आणि ताटांची वही दाखवायला सांगा.