बेंझिनची उष्णता, ज्वलनाच्या हिशेबातून

ग्रॅफाइट आणि हायड्रोजन एकत्र ठेवून थेट बेंझिन मिळत नाही. मग त्याची निर्मिती-उष्णता मोजायची कशी? तिन्ही पदार्थ वेगवेगळे जाळून!

एक मोल ग्रॅफाइट जळताना ३९३.५ किलोज्यूल उष्णता सुटते, तर हायड्रोजन जळून द्रवरूप पाणी होताना २८५.८. बेंझिनच्या एका मोलसाठी सहा मोल कार्बन आणि तीन मोल हायड्रोजन लागतो. ते सुटे जाळले तर ३२१८.४ किलोज्यूल मिळतात. द्रव बेंझिन मात्र ३२६७.६ देते. राख झाली तीच, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. म्हणून हेसच्या १८४०च्या नियमानुसार जादा ४९.२ किलोज्यूल बेंझिन घडतानाच त्यात शिरलेले असतात.

इथेच खरी जोखीम आहे. दोन मोठ्या आकड्यांतून छोटी वजाबाकी उरते. बेंझिनच्या ज्वलनमापनात फक्त एक टक्का चूक झाली, तरी उत्तर सुमारे ३३ किलोज्यूलने हलते. कॅलरीमापीत काजळी दिसली, तर ज्वलन अपुरे. तो प्रयोग बाद.