हळदीकुंकवाचे आमंत्रण

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच हळदीकुंकवाची मुदत असल्यामुळे, आणि त्या अवधीत नागपुरात एकेका संध्याकाळी बायकांना तीन-चार घरे करावी लागत असल्यामुळे, आमंत्रणात नेमकी घटका न घालता ऐसपैस अवकाश ठेवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. मजकूर साधारण असा:

‘मावशी, काकू, वहिनी आणि शेजारच्या सख्यांनो, शनिवारी सायंकाळी 5 ते 8 या वेळात महालातील आमच्या घरी सवडीने यावे, अत्तर-गुलाबपाणी, तिळगूळ, वाण आहेच, शिवाय धाकटीचे बोरन्हाण असल्याने लेकरांनाही अवश्य आणावे.’

संबोधनात ‘सौभाग्यवती’ मुद्दामच नाही, कारण यजमान निवर्तलेल्या काकूंनाही हे पत्र निःसंकोच वाचता यावे. येण्याचा होकार मात्र मागू नये. त्याऐवजी वाणाचे चार नग जास्त आणावेत.