‘टेस्टरने पकडलं कसं नाही?’

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आता कोणीतरी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे ‘टेस्टिंग’ हा शब्द घरोघरी पोचला आहे. एक जण प्रोग्राम लिहितो आणि दुसरा तो तपासतो, अशी साधारण समजूत असते. त्यामुळे चूक बाहेर गेली की पहिला प्रश्न टेस्टरलाच विचारला जातो. ऑफिसात नव्या डेव्हलपर्ससमोर दर्जा या विषयावर पंधरा मिनिटं बोलायची वेळ आली, की मी एकच गोष्ट सांगतो. ती एका रॉकेटची आहे.

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं नवं रॉकेट, एरियान-५, पहिल्यांदा उडालं. पोटात चार वैज्ञानिक उपग्रह होते. इंजिन पेटायला सुरुवात झाल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी त्याची दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली, रॉकेट एकदम वळलं, त्या ताणाने तुटू लागलं आणि त्याने स्वतःला नष्ट केलं. चौकशीसाठी गणितज्ञ जाक-लुई लियों यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमलं गेलं. त्यांचा अहवाल मला सगळ्यात जास्त शिकवून गेला.

कारण ऐकायला अगदी क्षुल्लक आहे. आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात घालायची होती. त्या जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. संख्या त्याहून मोठी निघाली आणि संगणकाने काम थांबवलं. आणीबाणीसाठी दुसरा संगणक होता, पण त्यातही हाच प्रोग्राम होता. तो तर क्षणभर आधीच बंद पडला होता. मग बंद पडलेल्या यंत्रणेने पाठवलेली बिघाडाची माहितीच मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली.

आता ही चूक कोणाची, ते शोधू या.

हा प्रोग्राम आधीच्या एरियान-४ साठी लिहिलेला होता आणि तिथे बिनतक्रार चालत होता. त्यात अशा धोक्याच्या सात संख्या होत्या. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता म्हणून चारच संख्यांना संरक्षण दिलं गेलं. उरलेल्या तीन मर्यादेबाहेर जाणारच नाहीत, असा हिशोब होता. एरियान-४ पुरता तो बरोबरही होता. पण एरियान-५ चा आडवा वेग सुमारे पाचपट लवकर वाढतो. त्या तीन संख्या उघड्या का ठेवल्या, याचं कारण प्रोग्राममध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग नंतर वाचणाऱ्याला शंका येणार कशी?

त्याहून वाईट म्हणजे, प्रोग्रामचा तो भाग उड्डाणानंतर एरियान-५ ला लागतच नव्हता. एरियान-४ ची उलटगणती मध्येच थांबली तर ती पटकन पुन्हा सुरू करता यावी, म्हणून तो उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवलेला असे. चालतंय ते कशाला बदला, म्हणून तो तसाच राहिला.

मग टेस्टर काय करत होते? दिशा-यंत्रणेकडून काय अपेक्षित आहे हे सांगणाऱ्या कागदपत्रात एरियान-५ च्या मार्गाचे आकडेच घातलेले नव्हते. तेही एकट्यादुकट्याने नव्हे, सगळ्यांच्या संमतीने. संपूर्ण रॉकेटची चाचणी झाली तेव्हा खऱ्या यंत्रणेच्या जागी तिची नक्कल वापरली गेली. खऱ्या मार्गाचे आकडे देऊन जमिनीवर चाचणी करणं शक्य होतं, आणि ती केली असती तर दोष दिसला असता. पण जे कागदावर मागितलेलंच नाही, ते शेवटी येणारा टेस्टर तपासणार कशाच्या आधारावर?

म्हणजे मागणी लिहिणारा, प्रोग्राम लिहिणारा, तो वाचून मंजूर करणारा आणि चाचणी ठरवणारा, प्रत्येकाच्या हातून एकेक धागा सुटला. शेवटच्या माणसाकडे दोष पोचेपर्यंत तो दिसण्याच्या जागा संपल्या होत्या.

यावरून मी डेव्हलपर्सना तीन कामं सांगतो. ‘ही संख्या एवढ्याच्या वर जाणार नाही’ असं मनात आलं, की ते कारणासकट कोडमध्ये लिहा आणि शक्य असेल तर तिथेच तपासणी घाला. जुना प्रोग्राम नव्या कामाला जोडताना तो चालतो का एवढंच पाहू नका. तो काय गृहीत धरतो याची यादी काढा आणि नव्या आकड्यांशी ताडून बघा. आणि टेस्टरला काम संपल्यावर नाही, मागणी लिहिली जात असतानाच बोलवा. ‘यापेक्षा मोठा आकडा आला तर?’ हा त्याचा नेहमीचा प्रश्न त्या दिवशी एका वाक्यात सुटतो.

यानेही सगळ्या चुका थांबणार नाहीत. ज्या गृहीतकाची कोणालाच जाणीव नसते ते लिहिलंही जात नाही, म्हणून टेस्टर लागतोच. पण तीन संख्या उघड्या ठेवण्याचा निर्णय ज्या टेबलावर झाला, तिथे टेस्टर नव्हे, ते घडवणारेच बसलेले असतात.