रात्रपाळी आणि तालीम

गळीत हंगामात रात्री आठ ते पहाटे चारची पाळी करून काही सभासदांची मुले थेट तालमीत जातात, हे आम्ही पाहतो. जोर-बैठकांनी अंग तापते, छाती धडधडते. मग अंथरुणावर पडले तरी लवकर डोळा लागत नाही.

आमच्या गटातील एका पोराने वेळ बदलली. पाच ते बारा झोप, साडेबाराला जेवण, चार वाजता अर्धा तास व्यायाम, साडेसहाला भाकरी-भाजी आणि मग कामावर. जेवणानंतर तीन तास गेल्याने व्यायामाला पोट जड वाटत नाही. झोप अपुरी झाली, तर त्या दिवशी तो जोर मारत नाही, नुसता चालतो. पाळी बदलली, की मंडळी, वेळाही सरकवाव्यात.