गडचिरोलीत पोलीस भरतीचा ऑनलाइन कोर्स काढायचाय? आधी हा हिशेब बघा

चंद्रपूर किंवा गडचिरोलीत बसून ऑनलाइन कोर्स विकायचा तर विषय कोणता घ्यावा? मोठ्या कंपन्यांच्या ॲपवर गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण हे सगळं स्वस्तात मिळतं. त्यात उतरून फायदा नाही. पण गडचिरोलीच्या पोलीस भरतीत गोंडी-माडिया भाषेचा वेगळा पेपर असतो. पुण्या-मुंबईचा क्लास तो शिकवायला बसणार नाही. म्हणून आपण हाच कोर्स उदाहरण म्हणून घेऊ. खालचे खर्चाचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमचे आकडे टाकून तोच हिशेब पुन्हा करा.

कंटेंटचा खर्च

समजा २० मिनिटांचे ६० धडे करायचे. शिक्षकाचं मानधन आणि एडिटिंग धरून प्रत्येक धड्याला ७०० रुपये, म्हणजे ४२,००० रुपये. माइक, स्टँड आणि लाइट ८,०००. शिवाय २० सराव पेपर, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे १०,०००. एकूण ६०,००० रुपये. विद्यार्थी १० असोत की ५००, हा खर्च तेवढाच राहतो.

धडा रेकॉर्ड करताना फाइलच्या साइजकडे लक्ष द्या. ५०० केबीपीएसचा २० मिनिटांचा व्हिडिओ साधारण ७५ एमबी होतो. तोच धडा ३२ केबीपीएसच्या ऑडिओत ५ एमबीच्या आत बसतो. भामरागडचा संपर्क पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटतो, तिथल्या मुलाला लाइव्ह क्लासचा काय उपयोग? त्यामुळे ऑडिओ आणि पीडीएफ डाउनलोड करून ठेवता आलं पाहिजे. भाषेच्या पेपरला तर उच्चार ऐकणंच महत्त्वाचं असतं.

प्लॅटफॉर्म किती कापतो?

फी ९९९ रुपये ठेवू. स्वतःच्या वेबसाइटवर पेमेंट गेटवे लावला आणि त्याचा दर २ टक्के अधिक त्यावर १८ टक्के जीएसटी असा धरला, तर एका विद्यार्थ्यामागे सुमारे २४ रुपये जातात. युडेमीसारख्या बाजारात गणित वेगळं आहे. तुमच्या लिंकवरून विद्यार्थी आला तर ९७ टक्के तुम्हाला मिळतात, युडेमीने स्वतः आणला तर फक्त ३७ टक्के. म्हणजे प्लॅटफॉर्म खरी किंमत घेतो ती विद्यार्थी आणून देण्याची. आणि गोंडीच्या पेपरचा विद्यार्थी तिथे शोधायला येणारच नाही.

विद्यार्थी कुठून येणार?

तो सकाळी मैदानावर धावायला येतो आणि दुपारी अभ्यासिकेत बसतो. तिथे एक सराव पेपर फुकट द्या, उत्तरं व्हॉट्सॲपवर पाठवा. समजा छपाई आणि प्रवासाला ६,००० रुपये लागले, ४०० जणांनी पेपर सोडवला आणि २० जणांनी फी भरली. म्हणजे एक विद्यार्थी ३०० रुपयांना पडला.

आता ९९९ मधून २४ आणि ३०० वजा केले की ६७५ उरतात. ६०,००० वसूल व्हायला ८९ विद्यार्थी लागतील.

कोर्स पूर्ण किती जण करतात?

इथेच बहुतेक प्लॅन फसतात. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्स कोर्सवर २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अभ्यास आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी फक्त ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणजे पैसे भरलेलेसुद्धा निम्म्याहून जास्त मागे पडले.

गळती ओळखायची तर व्हिडिओचे व्ह्यूज पाहू नका. दर दहाव्या धड्यानंतर चाचणी ठेवा आणि किती जणांनी ती दिली ते मोजा. पहिल्या चाचणीलाच संख्या पडली तर सुरुवातीचे धडे कठीण आहेत किंवा फाइल जड आहे. मधेच एकदम पडली तर कॅलेंडर बघा. जुलैमध्ये धानाची रोवणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. त्या दिवसांत घरातलं पोरगं अभ्यासाला बसत नाही. धान कापून झाल्यावर डिसेंबरमध्ये बॅच सुरू केली तर तीन महिने मोकळे मिळतात.

आठवड्याला फोन करून अभ्यास विचारणारा माणूस ठेवला तर गळती कमी होऊ शकते. चार महिन्यांचे त्याचे १२,००० रुपये ६० विद्यार्थ्यांत वाटले की प्रत्येकी २०० होतात. मग ४७५ रुपयेच उरतात आणि १२७ विद्यार्थी लागतात! हा खर्च परत कधी मिळतो? कोर्स पूर्ण केलेली मुलं मित्रांना घेऊन येतात तेव्हा. तीनपैकी दोन विद्यार्थी असे फुकट आले, तर विद्यार्थी आणण्याचा सरासरी खर्च ३०० वरून १०० वर येतो आणि आकडा पुन्हा ८९ होतो. म्हणून फी भरताना प्रत्येकाला 'कोणी सांगितलं?' हे विचारून लिहून ठेवा.

एक मर्यादा मात्र राहतेच. भरतीची जाहिरात कधी निघेल ते तुमच्या हातात नाही. जाहिरात नसताना फी भरणारे कमी होतात, म्हणून पहिल्या बॅचसाठी कर्ज काढू नका. आधी १० धडे करा, २० जणांकडून फी घ्या, पहिल्या चाचणीला किती उरतात ते बघा आणि मगच उरलेले ५० रेकॉर्ड करा.