छत असलेला रोखा

१९९३ साली सरदार सरोवर नर्मदा निगमने ३,६०० रुपयांचा एक डीप डिस्काउंट बाँड विक्रीला काढला. मधल्या काळात व्याज नाही, जानेवारी २०१४ मध्ये मात्र एकदम १,११,००० रुपये हातात. हिशेब केला तर वर्षाला सुमारे १८.७ टक्के परतावा होतो. पुढे व्याजदर उतरले आणि निगमला हे देणं जड वाटू लागलं. मुदतीआधी रोखे परत घेण्याचा हक्क निगमकडे नव्हता. तो गुजरात सरकारने २००८ मध्ये खास कायदा करून दिला आणि जानेवारी २००९ मध्ये बाँडधारकांच्या हाती ५०,००० रुपये टेकवून प्रकरण मिटवण्यात आलं. ५०,००० चे पाच वर्षांत १,११,००० होणं म्हणजे वर्षाला १७ टक्क्यांहून जास्त. बाजारातला दर १० टक्के धरला, तर २०१४ च्या त्या रकमेची २००९ मधली किंमत जवळपास ६९,००० रुपये येते. वरचे १९,००० रुपये गेले, ते दर खाली आल्यामुळेच.

कायद्याच्या जोरावर हक्क मिळणं विरळाच. कॉलेबल बाँडमध्ये मात्र तो हक्क पहिल्या दिवसापासून कागदावर छापलेला असतो. रोखा काढणारी कंपनी ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम देऊन तो परत घेऊ शकते. दर उतरले की ती परत घेणार, कारण तेच कर्ज तिला स्वस्तात मिळतं. दर चढले की गप्प बसणार. म्हणजे धारकाच्या नफ्यावर छत आहे, तोट्याला तळ नाही.

आता प्रश्न असा की दर अर्धा टक्का हलले तर अशा रोख्याची किंमत किती हलेल? साध्या रोख्यासाठी मॉडिफाइड ड्युरेशन पुरतं. ते ४ असेल तर दर एक टक्का वाढल्यावर किंमत साधारण ४ टक्के पडते. पण त्या सूत्रात एक गृहीत दडलेलं आहे: पैसे ठरलेल्या तारखांनाच येणार. कॉलेबल रोख्यात तारखाच दराच्या मागे धावतात. म्हणून इथे सूत्राने सुरुवात करत नाहीत. दर खरोखरच वरखाली करून पाहतात, दोन्ही वेळा किंमत नव्याने काढतात आणि त्या दोन किमतींवरून संवेदनशीलता मोजतात. हेच इफेक्टिव्ह ड्युरेशन.

एक रोखा घेऊ. दर्शनी किंमत १०० रुपये, वर्षाला ८ रुपये व्याज, मुदत पाच वर्षं. वर्षभराने कंपनीला तो १०० रुपयांना परत घेण्याची एकच संधी. आजचा दर ८ टक्के. वर्षानंतर तो ९.५ किंवा ६.५ टक्के होईल, दोन्हींची शक्यता सारखी, असं मानू. बँका आणि फंड अशा शेकडो फांद्यांचं झाड बांधतात. आपल्याला दोनच पुरे.

वर्षानंतर दर ९.५ झाला, तर उरलेल्या चार वर्षांच्या रोख्याची किंमत ९५.१९ रुपये येते, आणि कंपनी त्याला हात लावत नाही. दर ६.५ झाला, तर ती १०५.१४ व्हायला हवी होती. पण कंपनी १०० देऊन रोखा काढून घेते, म्हणून तिथे १०५.१४ खोडून १०० लिहायचे. सगळी गोम या खोडण्यात आहे. दोन्हींची सरासरी ९७.६०, त्यात वर्षाचं व्याज ८ मिळवलं आणि आजच्या ८ टक्क्यांनी मागे आणलं की किंमत ९७.७७ येते. कॉलची अट नसती तर तीच १००.१५ आली असती.

मग सगळेच दर अर्धा टक्का वर सरकवायचे: आजचा ८.५, वर्षानंतरचे १० आणि ७. झाड पुन्हा चालवायचं, खोडण्याची पायरी पुन्हा करायची. किंमत ९६.६२. नंतर सगळे दर अर्धा टक्का खाली: आजचा ७.५, पुढचे ९ आणि ६. किंमत ९८.९६. आता मोजणी:

(खालच्या दरांची किंमत − वरच्या दरांची किंमत) ÷ (२ × आजची किंमत × ०.००५)

वर २.३४, खाली ०.९७८. उत्तर २.३९. कॉल नसलेल्या जुळ्या रोख्याला हीच कसरत लावली तर ४.०० येतं. एका अटीने दराबाबतची हालचाल चाळीस टक्क्यांनी घटवली.

चुका होतात त्या बहुधा दोन ठिकाणी. पहिली, दर सरकवल्यावर खोडण्याची पायरी विसरण्याची. मूळ झाडात १०० लिहिलं होतं तेच आकडे पुढे ओढले, तर नव्या दरात कंपनीचा निर्णय बदलेल हे हिशेबातच येत नाही. दुसरी, धक्का फार लहान घेण्याची. किंमत दोनच दशांशांपर्यंत ठेवून दर फक्त एक बेसिस पॉइंट, म्हणजे ०.०१ टक्का, हलवला तर ९७.८० आणि ९७.७५ मिळतात आणि ड्युरेशन २.५६ निघतं. दर बिचारे नाममात्र हललेत. वाढ झाली आहे ती पूर्णांकीकरणाने.

बाजारभाव आणि झाडाची किंमत जुळत नसेल, तर झाडातल्या प्रत्येक दरात एकच ठरावीक अंतर मिळवून आधी ती जुळवतात. धक्का देताना मात्र त्या अंतराला हात लावायचा नाही. नाहीतर मोजलं काय, दर की बाजाराचा मूड, हे सांगता येत नाही.

पण २.३९ हा आकडा किती विश्वासाचा? त्याच रोख्याला दोन टक्क्यांचा धक्का देऊन पाहिलं की कळतं. दर दोन टक्के वर: किंमत ९२.५५, म्हणजे ५.३ टक्के तोटा. दोन टक्के खाली: दोन्ही फांद्यांवर कंपनी रोखा परत घेते, किंमत १०१.८९ वर अडते, नफा ४.२ टक्के. सूत्रात घातलं तर ड्युरेशन पुन्हा २.३९! आकडा जराही हलला नाही, पण आतला रोखा एका बाजूला जास्त कलंडला. सरासरीने हा कल झाकला. जाणकार मंडळी या कलाला निगेटिव्ह कन्व्हेक्सिटी म्हणतात, आणि तो ड्युरेशनच्या शेजारी वेगळा मांडावा लागतो.

आणखी एक मर्यादा आहे. सगळे दर सारखेच सरकतात, ही समांतर धक्क्याची अट बाजार पाळत नाही. एक वर्षाचा दर उसळतो तेव्हा दहा वर्षांचा जागीच असू शकतो, आणि कॉलची तारीख नेमकी जवळ असेल तर रोख्याची किंमत कुठल्या टोकाच्या दरावर डोलते यानेच सारा फरक पडतो. त्यासाठी वेगवेगळ्या मुदतींना वेगळे धक्के देऊन पाहावं लागतं.

डेट फंडाच्या मासिक पत्रकात ड्युरेशनचा आकडा छापलेला असतो. फंडात कॉलेबल रोखे बरेच असतील, तर सल्लागाराला तो आकडा कॉल धरून काढला आहे का, हे जरूर विचारा, आणि वरच्या आणि खालच्या धक्क्याच्या दोन्ही किमती मागा.