प्लंबर येणार, किल्ली काकूंकडे

तिसऱ्या मजल्यावरचं घर बंद आहे. घरमालक बंगळुरूला लेकीकडे गेलेत आणि दुसऱ्या मजल्यावरून फोन येतो, “तुमच्या बाथरूममधून आमच्या छतातून पाणी टपकतंय.” पुण्या-ठाण्यातल्या सोसायट्यांना हा फोन नवा नाही. त्यानंतरची धावपळही ठरलेली असते. ओळखीतून प्लंबर मिळतो आणि समोरच्या काकूंना एका ओळीचा मेसेज जातो: “काकू, उद्या प्लंबर येईल, त्याला जरा किल्ली द्याल का?”

काकू हो म्हणतात. पण प्लंबर कोण, किती वाजता येणार, घरात नेमकं काय करणार, कोणी जवळ थांबायचं, पैसे कोण देणार, यातलं काहीच त्यांना कळलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी हे प्रश्न एकेक करून त्यांच्याच दारात येतात. “मॅडम, टाइल फोडावी लागेल, फोडू का?” असं प्लंबरने विचारलं, तर त्यांनी काय सांगायचं? म्हणून असा मेसेज लिहिताना एक कसोटी लावावी: शेजाऱ्याने दार उघडावं आणि लावावं, पण त्याला कशाचाही निर्णय घ्यायला लागू नये.

त्यासाठी आधी घरमालकाला स्वतःला थोडं शोधून काढावं लागतं. बंद घरातली गळती एका दृष्टीने ओळखायला सोपी असते. घरात कोणी नाही, म्हणजे नहाणीत पाणी पडत नाही आणि सांडपाण्याच्या पाइपातून फारसं काही वाहत नाही. तरीही खाली रात्रंदिवस टपकत असेल, तर संशय नळाला येणाऱ्या पाण्याच्या लाइनवर जातो. गच्चीवरच्या टाकीमुळे त्या लाइनमध्ये घर बंद असतानाही दाब असतो. दुसरी शक्यता अशी, की पाणी आपलं नाहीच. चौथ्या मजल्यावरून किंवा डक्टमधल्या सामाईक पाइपातून उतरतंय.

यातलं कोणतं, हे प्लंबर बोलावण्याआधी कळू शकतं. बाथरूमच्या लाइनचा मेन कॉक बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी खालच्यांना विचारायचं. काही घरांत हा कॉक बाथरूमच्या माळ्यावर असतो, काही ठिकाणी डक्टच्या खिडकीतून हाताला लागतो. तो गच्चीवर असेल तर जपून, कारण त्याच लाइनवर इतरांची घरं असतात आणि त्यांचंही पाणी जातं. कॉक बंद केल्यावर टपकणं लगेच थांबत नाही. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी काही तास, कधी दिवसभरही उतरत राहतं, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी बघायचा. थांबलं, तर दोष आपल्या लाइनमध्ये. तसंच चालू राहिलं, तर आपल्या घरी प्लंबर पाठवण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलावं. खर्चाचा हिशेबही यावरच ठरतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतल्या संडास, सिंक वगैरेंच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते आणि सामाईक पाइपांची जबाबदारी संस्थेची.

समजा, सोमवारी तक्रार आली. काकूंनी घर उघडलं, सोसायटीच्या सुपरवायझरने माळ्यावरचा कॉक बंद केला आणि मंगळवारी संध्याकाळी टपकणं थांबल्याचं खालून कळलं. आता प्लंबरसाठी गुरुवार ठरवायचा. इथे पहिला मेसेज फक्त विचारणारा असावा. त्यात नाही म्हणायला जागा हवी, कारण चांगल्या शेजाऱ्याला नाही म्हणणं जड जातं.

“नमस्कार काकू. सोमवारी दार उघडून दिलंत, त्यामुळे गळती आमच्याच लाइनमधली आहे हे कळलं. गुरुवारी सकाळी ११ ते १ च्या दरम्यान प्लंबर येऊ शकेल. तेव्हा तुम्ही घरी आहात का? तुम्ही फक्त दार उघडायचं आणि काम झालं की लावायचं. मधल्या वेळात सुपरवायझर थांबतील, त्यांच्याशी बोललोय. तुम्हाला बाहेर जायचं असेल तर अगदी मोकळेपणाने सांगा, शुक्रवारी संध्याकाळी ठेवू.”

हा मेसेज काकूंनाच जावा, सोसायटीच्या ग्रुपवर नाही. घर कधीपर्यंत बंद आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे दीडशे माणसांना सांगण्याचं काही कारण नसतं. काकूंचा नंबर प्लंबरला द्यायचा असेल तर तोही त्यांना विचारून. शक्यतो न देणंच बरं. प्लंबरने निघताना मालकाला फोन करावा आणि मालकाने काकूंना. प्लंबरचे अकरा कधी एक होतात ते सांगता येत नाही. असं केलं, की काकूंना दोन तास बेलकडे कान लावून बसावं लागत नाही.

काकूंचा होकार आला की आदल्या संध्याकाळी दुसरा मेसेज. तो लांब झाला तरी चालेल, पण कामाच्या क्रमाने लिहावा, म्हणजे फोन हातात धरून एकेक ओळ वाचत पुढे जाता येतं.

“काकू, उद्याचं सगळं इथे एकत्र लिहितो.
प्लंबरचं नाव, नंबर आणि फोटो खाली पाठवलाय. दुसरा कोणी आला तर दार उघडू नका, मला फोन करा. गेटवरची एंट्री मी आधीच करून ठेवली आहे.
निळ्या रिबिनीची किल्ली सेफ्टी डोअरची, दुसरी लॅचची. लॅचला दोन फेरे आहेत.
आत गेल्यावर दारामागच्या बॉक्समधलं मेन स्विच वर करावं लागेल, नाहीतर बाथरूमचा दिवा लागणार नाही. गिझर मात्र चालू करू नका.
काम फक्त मोठ्या बाथरूममध्ये आहे. बेडरूमना कुलूप आहे.
काम सुरू करण्याआधी प्लंबर मला व्हिडिओ कॉल करेल. फोडाफोडी किंवा जास्तीचं काम निघालं तर ‘त्यांनाच विचारा’ एवढंच सांगा. पैसे मी त्याला इथूनच पाठवतो, तुम्ही काही देऊ नका.
काम झाल्यावर सुपरवायझर कॉक परत बंद करतील. तुम्ही मेन स्विच खाली करून दार लावा आणि किल्ली तुमच्याकडेच ठेवा. प्लंबर ‘उद्या परत येतो’ म्हणाला तरी त्याला देऊ नका.”

यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या फसलेल्या फेरीवरून आलेली आहे. लॅचला दोन फेरे आहेत हे सांगितलं नाही, तर किल्ली एकदा फिरते, दार हलत नाही आणि किल्ली चुकीची दिली असं सगळ्यांना वाटतं. गावाला जाताना आपण मेन स्विच बंद करतो आणि ते विसरूनही जातो. मग प्लंबर मोबाइलच्या उजेडात काम करतो. गिझरची सूचना यासाठी, की लाइन रिकामी असताना टाकीत पुरेसं पाणी नसेल आणि गिझर चालू राहिला, तर आतली कॉइल जळू शकते.

किल्लीबद्दलची शेवटची ओळ काकूंना फार उपयोगी पडते. प्लंबर ओळखीचा असतो, गोड बोलतो, किल्ली मागतो. “त्यांनी मेसेजमध्ये नको म्हणून लिहिलंय” असं म्हणता आलं की नकाराचा कडवटपणा काकूंकडे येत नाही.

प्लंबरला वेगळा मेसेज हवा, कारण त्याला हवी ती माहिती निराळी असते: कॉक बंद केल्यावर टपकणं थांबलं, बाथरूममध्ये शॉवर आणि वॉल मिक्सर आहे, ठोकाठोकीला सोसायटीत दुपारी २ ते ४ बंदी आहे. एवढं कळलं की तो लागणारं सामान घेऊन येतो. नाहीतर एक फेरी बघण्यात जाते, दुसरी दुकानात, आणि काकूंना दार पुन्हा उघडावं लागतं.

गुरुवारी कॉक उघडल्यावर प्लंबर म्हणतो, “मिक्सरच्या मागे ओल आहे, दोन टाइल काढाव्या लागतील.” हा निर्णय व्हिडिओ कॉलवर मालकाचा. टाइल काढण्याआधी सांगावं, की मिक्सर जिथे भिंतीत जातो तिथली गोल स्टीलची झाकणं मागे सरकवून दाखवा. मिक्सरचे पाय भिंतीतल्या पाइपात आट्यांनी बसवलेले असतात. त्या आट्यांवरची टेफ्लॉन टेप जुनी झाली की पाणी भिंतीच्या आतून, टाइलमागून खाली उतरत राहतं. नळ बंद असला तरी हा जोड कायम दाबाखाली असतो, म्हणून बंद घरातही गळती चालू राहिली. झाकणामागे पाण्याचे थेंब दिसले तर मिक्सर काढून, नवी टेप गुंडाळून परत बसवणं आधी करून बघावं. तिथे कोरडं असेल आणि तरीही ओल येत असेल, तर दोष भिंतीतल्या पाइपात आहे. मग टाइल काढण्यावाचून इलाज नाही, पण ते काम मालक परतेपर्यंत कॉक बंद ठेवून थांबू शकतं.

दुरुस्ती झाली असं म्हणण्याआधी कॉक पूर्ण उघडून, जोड कोरडा पुसून त्याभोवती वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळायला सांगावं. अर्ध्या तासाने कागद कोरडा असेल तर त्याचा फोटो मागवावा आणि मग पैसे पाठवावेत. त्यानंतर कॉक पुन्हा बंद. घरी यायला अजून दोन आठवडे आहेत आणि दुरुस्तीवर विश्वास असला तरी बंद घरात भरलेली लाइन ठेवण्यात शहाणपण नाही.

परदेशातून हे सगळं करणाऱ्यांनी वेळ निवडताना आणखी एक हिशेब करावा. पुण्यातले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे साडेबारा. तेव्हा प्लंबरचा प्रश्न आला आणि मालक झोपलेला असला, तर उत्तर देण्याची पाळी काकूंवरच येते. संध्याकाळी पाचची वेळ घेतली तर तिकडे सकाळचे साडेसात असतात आणि माणूस फोनवर असतो.

काम संपल्यावर दोन मेसेज राहतात. एक काकूंना, की सगळं झालं, आता काही करायचं उरलेलं नाही. नाहीतर प्लंबर परत येणार का, या विचारात त्या आणखी दोन दिवस घरी थांबतील. दुसरा खालच्या मजल्यावर, कारण कॉक बंद आहे तोवर टपकणं न होणं हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे. त्यांना सांगून ठेवावं, की छतावरचा डाग बरेच आठवडे दिसेल, तो वाळेपर्यंत रंग लावू नका आणि आम्ही परत येऊन कॉक उघडला की दोन दिवस छताकडे लक्ष ठेवा. त्यानंतरही छत कोरडं राहिलं, तरच गळती थांबली म्हणायची.